उंबरठ्यावर वजनकाटा नको

मुंबईच्या विमानतळावर परदेशातून येणारी बरीच विमानं रात्री उतरतात. मध्यरात्रीनंतर बाहेरच्या कठड्याशी नातेवाईक ताटकळत उभे असतात. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं मूल. काचेचं दार सरकतं, सामानाची गाडी ढकलत एक चेहरा बाहेर येतो, सहा वर्षांत प्रत्यक्ष न पाहिलेला. मिठी पडते, डोळे भरतात, आणि मिठी सुटायच्या आत पहिलं वाक्य कानावर येतं : ‘अगं, केवढी सुटलीस!’

नाहीतर ‘किती वाळलास रे’. नाहीतर ‘केस कुठे गेले सगळे?’ नाहीतर ‘मी ओळखलंच नाही, केवढी वयस्क दिसायला लागलीस!’

अशा बोलण्याला कुणी हरकत घेतली की घरातून उत्तर येतं ते जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं. आपल्या माणसाला बोलायचं नाही तर कुणाला बोलायचं? त्यात माया असते. आपल्याकडे असंच बोलतात, हा नाजूकपणा बाहेरून आलाय. आणि तब्येतीची काळजी घरच्यांनी नाही करायची तर कुणी करायची? हे बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा तीच रात्री दोन वाजता विमानतळावर उभी असतात आणि तीच पहाटे उठून पाहुण्यासाठी पोह्यांचा कांदा चिरतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, नीट खोडून काढण्यासारखं आहे.

आधी त्यांच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. ‘वाळलास’ हा शब्द एके काळी घरगुती वैद्यकाचा भाग होता. क्षयरोगाचं मराठी नावच झिजण्यावरून पडलेलं आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, त्याआधी या रोगावर मारा करणारं औषध नव्हतं. तेव्हा पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा सुट्टीत गावी आला आणि गालफडं बसलेली दिसली, की आईच्या पोटात गोळा येई आणि त्याला कारण असे. दुष्काळांचंही तसंच. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेल्या पिढीला अंगावर मांस चढणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नव्हतं. वजन वाढलं की ‘तब्येत सुधारली’ म्हणायचं, हा वाक्प्रचार त्याच अनुभवातून रुजलेला आहे. सासरहून आलेल्या लेकीला ‘अंगानं भरलीस’ म्हणणाऱ्या आजीला म्हणायचं असे ते एवढंच : तुला पोटभर मिळतंय, मी निश्चिंत झाले.

पण ज्या परिस्थितीनं त्या शब्दांना अर्थ दिला होता, ती पालटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांची उंची-वजनं मोजली जातात. २०१५-१६च्या पाहणीत उंचीच्या मानानं कमी वजनाच्या स्त्रिया २२.९ टक्के होत्या आणि जास्त वजनाच्या २०.६ टक्के. २०१९-२१च्या पाहणीत कमी वजनाच्या १८.७ टक्क्यांवर आल्या, जास्त वजनाच्या २४ टक्क्यांवर गेल्या. चार-पाच वर्षांत पारडं फिरलं. आता ‘तब्येत सुधारली’ हे वाक्य सत्तरीची मावशी कौतुक म्हणून उच्चारते आणि पस्तिशीची भाची दोषारोप म्हणून ऐकते. मावशीचा हेतू खोटा नाही आणि भाचीचं दुखावणंही खोटं नाही. मात्र शब्दाचा अर्थ शेवटी ऐकणाऱ्याच्या मनात ठरतो. ऐकणाऱ्याच्या जगात तो बदलला असेल, तर आपला जुना अर्थ पुढे करून ‘तूच चुकीचं ऐकलंस’ असं सांगण्यात काय हशील?

आता काळजीचा मुद्दा. तो सगळ्यांत वजनदार वाटतो आणि सगळ्यांत लवकर ढासळतो.

डॉक्टरांच्या दृष्टीनं वजन घटणं केव्हा चिंतेचं? प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली, तर तपासण्या करायला हव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत म्हणजे तीन किलो. या संकेतात महत्त्व आहे ते वेगाला आणि हेतूला : किती काळात घटलं आणि घटवलं की आपोआप घटलं. बऱ्याच वर्षांनी भेटणाऱ्या नातेवाइकाकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. त्याच्याकडे दोन चित्रं असतात, एक सात वर्षांपूर्वीच्या लग्नातलं आणि एक आत्ताचं. मधली घट सात वर्षांत हळूहळू झाली की गेल्या चार महिन्यांत, रोज पाच किलोमीटर चालून झाली की मधुमेह बळावल्यामुळे, हे त्याला दारात उभं राहून कळू शकत नाही. रोज सोबत राहणाऱ्याला ते कळू शकतं, कपडे ढगळ झालेले त्याला दिसतात, ताटात उरलेलं अन्न दिसतं. सर्वांत लांब राहिलेल्या माणसाकडे निदानाला लागणारी माहिती सर्वांत कमी असते आणि निदान सर्वांत आधी तोच करतो. व्हिडिओ कॉलमुळे यात भरच पडली आहे. वर्षानुवर्षं फक्त खांद्यापर्यंतचा, चांगल्या उजेडातला चेहरा पडद्यावर पाहिलेला असतो. समोर पूर्ण माणूस आला की डोळे दचकतात, आणि ते दचकणं जसंच्या तसं तोंडातून बाहेर पडतं.

बरं, डोळ्यांना दिसणाऱ्या जाडी-बारीकपणावरून आरोग्य ओळखता येतं, हा समजही भरवशाचा नाही. याचा सगळ्यांत बोलका दाखला पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर तंतोतंत सारखं होतं, २२.३. दोघंही सडपातळ दिसणारे. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं. दोन नामांकित डॉक्टरांना शेजारी शेजारी उभं केलं तरी जो फरक डोळ्यांना दिसत नाही, तो आगमनाच्या गर्दीत सामानाच्या गाडीमागून काकांना कसा दिसणार? शिवाय त्या क्षणी समोर असतो तो वीस-बावीस तास बसून, अर्धवट झोपेत, विमानातल्या कोरड्या हवेत प्रवास केलेला माणूस. पाय सुजलेले, डोळ्यांखाली फुगलेलं, त्वचा ओढलेली. त्याचा रोजचा चेहरा तो नव्हेच.

या बोलण्यानं प्रत्यक्षात काय होतं, ते एका प्रसंगातून पाहू. तो एका घराचा नाही. अशा अनेक घरांत जे घडतं ते एकत्र मांडलं तर साधारण असं दिसतं. मेलबर्नला राहणारी चाळिशीतली एक भाची डोंबिवलीला माहेरी येते. २०२०च्या उन्हाळ्यात यायचं तिकीट काढलं होतं, पण मार्चमध्ये ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केल्या आणि भारतानं नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली. ती सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मग मुलीची परीक्षा, मग नवऱ्याची नोकरी. अशी सहा वर्षं गेली. मधल्या काळात तिला आमवात झाला. सकाळी बोटं आखडायची, पाण्याचं भांडं धरवेना. डॉक्टरांनी इतर औषधांसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. सांधे मोकळे झाले, पण चेहरा गोल झाला, मानेमागे फुगवटा आला, भूक वाढली. आईला काळजी नको म्हणून तिनं यातलं काही फोनवर सांगितलं नव्हतं. दारात पाऊल टाकताच मोठी मावशी दोन्ही गालांना हात लावून म्हणाली, ‘बघा, ऑस्ट्रेलियाचं पाणी मानवलं हिला! केवढे गाल आलेत!’ खोलीत बारा माणसं होती. सगळी हसली, अगदी मोकळेपणानं.

आता तिच्यापुढे मार्ग कोणते? खरं सांगावं तर पायातले बूट काढायच्या आधी बारा जणांसमोर स्वतःच्या आजाराची कहाणी उघडायची आणि आईचा चेहरा पडताना पाहायचा. न सांगावं तर हसून ‘हो ना, खाणं जरा वाढलंय’ असं खोटं बोलायचं आणि मग महिनाभर प्रत्येक घरच्या जेवणावळीत त्या खोट्याला धरून राहायचं. तिसरा मार्ग गप्प बसण्याचा. त्याचा अर्थ ‘तिकडे जाऊन शिष्ट झाली’ असा लावला जाईल. मावशीच्या एका वाक्यानं तिला आपली गोष्ट आपल्या वेळेला, आपल्या माणसाला सांगण्याचा हक्क राहिला नाही.

आणि हे इथं थांबेलच असं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर शरीरातल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम मंदावतात. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. ‘चेहरा सुजलाय’, ‘जाड झालीस’ हे आठ घरी आठ वेळा ऐकून रुग्णानं वैतागानं गोळ्या परस्पर बंद केल्या, तर कमालीचा थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणं इथपर्यंत पाळी येऊ शकते आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. काळजीच्या नावानं केलेली टिप्पणी माणसाला औषधापासून दूर नेऊ शकते, हे काळजीचा दावा करणाऱ्यांनी एकदा मनावर घ्यावं. वजन वाढवणारं स्टेरॉइड हे काही एकटंच औषध नाही. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी वाढतं, इन्सुलिननं वाढू शकतं, थायरॉइड मंदावला की वाढतं. मूल होण्यासाठीच्या उपचारांत पोट फुगतं, आणि नेमक्या त्याच पोटाकडे पाहून ‘काय, गोड बातमी वाटतं?’ असं विचारणारं कुणी ना कुणी प्रत्येक कुळात असतं.

असा खुलासा देणं किती भाग पडतं, ते प्रसिद्ध माणसांकडे पाहूनही कळतं. २०२१ची विश्वसुंदरी हरनाझ संधू २०२२च्या वसंतात एका फॅशन शोमध्ये दिसली तेव्हा तिच्या वाढलेल्या वजनाची चेष्टा झाली. शेवटी तिला जाहीरपणे सांगावं लागलं की आपल्याला सीलिअॅक आजार आहे, गव्हातलं ग्लुटेन चालत नाही. त्याआधी हीच मुलगी फार बारीक म्हणून बोलणी खात होती. ज्यांचा तिच्या आतड्यांशी काही संबंध नाही अशा लाखो लोकांपुढे तिला स्वतःची वैद्यकीय माहिती ठेवावी लागली. घरात लोक बाराच असतात. पण त्यांच्याशी उद्याही जेवायला बसायचं असतं, म्हणून ते बारा जास्त जड जातात.

‘आपल्याकडे असंच बोलतात’ हे म्हणणं तर आपल्याच रीतींना धरून नाही. ज्या घरांत जाड-बारीक बोलणं चालतं, त्याच घरांत बाळाला तीट लावतात. बाळ गुटगुटीत आहे असं पाहुणीनं म्हटलं की आजी घाईनं विषय बदलते, आणि पाहुणी गेल्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. दृष्ट लागते यावर विश्वास असो वा नसो, त्या समजुतीत एक शहाणपण आहे : माणसाच्या देहावर बोट ठेवून मोठ्यानं बोलणं ही जोखमीची गोष्ट मानलेली आहे. लांबून आलेल्याला दारात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची पद्धतही त्यातलीच. बाहेरून काही सोबत आलं असेल तर ते बाहेरच राहो, माणूस आत येवो. म्हणजे परंपरेनं उंबरठ्यावर जे ठरवलं ते बाधा काढण्यासाठी. देहाचं मोजमाप तिथं सांगितलेलंच नाही.

जुन्या पत्रांचा मायनाही तेच सांगतो. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मग इकडचं क्षेम कळवायचं, तिकडच्या कुशलाची वाट पाहायची आणि नंतर मजकुराला हात घालायचा. कुशल आहेस ना, असं विचारण्यात उत्तर किती द्यायचं ते समोरच्यावर सोपवलेलं असतं. तो ‘मजेत’ एवढंच म्हणू शकतो किंवा बसून सगळं सांगू शकतो. ‘किती वाळलीस’मध्ये हा पर्याय नसतो, कारण तो प्रश्नच नाही, निकाल आहे. तेव्हा कुणी या संयमाला परदेशी म्हणत असेल तर त्यानं आपल्या आजोबांची पत्रं एकदा काढून वाचावीत.

उरली माया. माया असते, याबद्दल शंका नाही. पण घरच्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून ते कमी लागतं, हा समज चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या जेफ्री हंगर आणि जॅनेट टोमियामा या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली अमेरिकेतल्या २३७९ मुलींच्या नोंदी तपासल्या. दहाव्या वर्षी या मुलींना विचारलं होतं की तुला कुणी ‘फार जाड आहेस’ असं म्हटलंय का. ज्यांना तसं म्हटलं गेलं होतं, त्यांचं एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. दहाव्या वर्षीचं प्रत्यक्ष वजन, घरची मिळकत, वयात येण्याचं वय हे सगळं हिशेबात धरल्यावरही ते उरलं. आणि बाहेरच्यांपेक्षा घरच्यांनी म्हटलेलं असेल तिथं हा संबंध अधिक ठळक होता. अशा अभ्यासातून बोलण्यामुळेच वजन वाढलं असं सिद्ध होत नाही, एवढं खरं. पण घरच्यांच्या बोलण्यानं मुलगी सावध होऊन सडसडीत झाली, असं तर त्यातून मुळीच दिसत नाही. सुट्टीत जमलेल्या चुलत-मामे भावंडांना पाठीला पाठ लावून उभं करणाऱ्या, एकीला ‘काळवंडलीस’ आणि दुसरीला ‘गोलमटोल’ म्हणणाऱ्या मोठ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उंची वाढल्याचं कौतुक मुलांना बहुधा आवडतं, ते खुशाल करावं. तुलना करू नये.

कौतुकाच्या रूपातली टिप्पणीही या हरकतीतून सुटत नाही. ‘वा, बारीक झालीस, छान दिसतेस’ हे ऐकणाऱ्या बाईनं गेल्या वर्षी नवरा गमावलेला असू शकतो आणि तिला सहा महिने घास गोड लागलेला नसतो. तिच्या दुःखाचा परिणाम तिला शाबासकी म्हणून परत मिळतो.

हा दोष फक्त इथल्या मावश्या-काकांचा आहे असंही नाही. परदेशातून येणारी मुलं तेच करतात, फक्त शब्द वेगळा असतो. आठ वर्षांनी दारात उभ्या असलेल्या वडिलांना पाहून मुलगा म्हणतो, ‘बाबा, किती थकलात!’ मराठीत ‘थकलात’ म्हणजे दमलात एवढंच नव्हे, म्हातारे झालात. मुलाच्या मनात अपराधी भाव असतो; ही आठ वर्षं आपण इथं नव्हतो, याची टोचणी असते. पण ती टोचणी तो वडिलांच्या अंगावर टाकतो. वडिलांनी त्या सकाळी मुद्दाम दाढी केलेली असते, इस्त्रीचा सदरा घातलेला असतो, जिन्यानं खाली उतरून रिक्षाचे पैसे स्वतः दिलेले असतात. ते मुलाला दाखवत असतात की मी ठीक आहे. त्या सगळ्या खटाटोपावर एका शब्दानं पाणी पडतं. वडिलांच्या थकव्याची खरी चिंता असेल तर तिला जागा आहे : दोन दिवसांनी, दोघंच गच्चीत बसलेले असताना, ‘बाबा, जिना चढताना दम लागतो का? शेवटची तपासणी कधी केली?’ असं विचारावं. या प्रश्नांना उत्तर असतं आणि उत्तरानंतर करण्यासारखं काही असतं. दारातल्या उद्गारानंतर करण्यासारखं काही नसतं, म्हणून तो काळजी या नावाला पात्र नाही.

‘मग बोलायचं तरी काय, मुके राहायचं?’ असाही सवाल येतो. मराठीत स्वागताच्या शब्दांची अशी टंचाई नाही. ‘आलास! किती बरं वाटलं.’ ‘सकाळपासून वाट बघत होते.’ ‘ये, आधी पाणी घे.’ ‘तुझ्यासाठी अळूवड्या केल्यात.’ ‘कालच तुझी आठवण निघाली होती, त्या पुरणाच्या पातेल्याची.’ यातलं एकही वाक्य शरीराकडे पाहून सुचत नाही. प्रत्येक वाक्य त्या माणसाशी असलेल्या आपल्या नात्यातून सुचतं आणि दुसऱ्या कुणाला ते जसंच्या तसं म्हणता येत नाही. ‘सुटलीस’ मात्र रस्त्यावरच्या कुणालाही म्हणता येतं. त्याला ओळख लागत नाही, फक्त डोळे लागतात. इतक्या वर्षांनी भेटलेल्या आपल्या माणसाला दिलेला तो पहिला शब्द असावा, हे खटकायलाच हवं.

यात घरातल्या एका माणसाची कामगिरी मोठी असते. पाहुणी यायच्या आधी बाकीच्यांना फोन करून ‘तिच्या तब्येतीवरून काही बोलू नका’ एवढंच सांगायचं. कारण सांगायचं नाही, कारण तिचं तिच्याकडे राहू द्यायचं. जुनी सवय एकदम जात नाही, कुणाच्या तोंडून निघून गेलंच तर बाजूच्यानं ‘सहा वर्षं झाली ना, सगळेच बदललो’ म्हणून पाण्याचा पेला पुढे करायचा. एवढ्यानं ते वाक्य हवेत विरतं.

डोंबिवलीच्या त्या घरात असं कुणी असतं, तर मावशीनं भाचीचे गाल न चाचपता तिचे हात हातात घेतले असते. बोटांचे सांधे किंचित सुजलेले तिला हाताला लागले असते. त्यावरही ती त्या वेळी काही बोलली नसती. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात मटार सोलताना भाचीला शेंग फोडायला वेळ लागताना दिसला असता, मावशीनं परात आपल्याकडे ओढली असती, आणि भाचीनं स्वतःहून सांगायला सुरुवात केली असती.